फोटोवरून खडीच्या ट्रिपा कशा काढायच्या: गेटपासून घरापर्यंतच्या वाटेचा हिशेब

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात हल्ली घरासमोरच्या वाटेवर खडी टाकायची झाली की चौकशी व्हॉट्सअ‍ॅपवरच येते. घर गावी, मालक पुण्याला किंवा मुंबईला. भाऊ नाहीतर शेजारी वाटेचा एक फोटो काढतो, त्यावर बोटानं दोन लाल बाण ओढतो, एकावर लांबी लिहितो, दुसऱ्यावर रुंदी. खाली प्रश्न एकच: "किती टिपर लागतील?" या धंद्यात नवीन आलेला मुलगा लगेच गुणाकार करून आकडा सांगतो, आणि काम सुरू झालं की एकतर माल कमी पडतो, नाहीतर उरलेला ढीग पावसाळाभर अंगणात पडून राहतो.

गुणाकार चुकत नाही. फोटोत क्षेत्रफळ दिसतं, पण टिपर किती लागणार हे ठरतं जाडीवर, आणि जाडी फोटोत नसते. वाट 90 फूट लांब असेल आणि लांबी मोजताना एक फुटाची चूक झाली, तर हिशेब एक टक्क्यानं हलतो. दहा फूट रुंदीत एक फूट चुकलं तर दहा टक्क्यांनी. सहा इंच जाडीत एक इंच चुकला तर सतरा टक्क्यांनी. म्हणून फोटोवरची लांबी-रुंदी तपासून घ्यायचीच, पण जास्त वेळ द्यायचा तो जाडीला.

एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊन सगळा हिशेब करू. खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातलं घर आहे, लाल मातीची वाट आहे. फोटो गेटात उभं राहून घराच्या दिशेनं काढलाय. डाव्या बाजूला तारेच्या कुंपणाचे सिमेंटचे खांब आहेत, उजवीकडे काजूचं झाड आणि त्याखाली लावलेली स्कूटर. बाणांवर लिहिलंय 90 आणि 10.

आधी फोटोवरचे आकडे खरे आहेत का ते बघा

पहिला प्रश्न एककाचा. 90 आणि 10 म्हणजे फूट की मीटर? आपल्याकडे गवंडी आणि घरमालक फुटात बोलतात, पण शहरात इंजिनिअरिंग शिकलेला पुतण्या मीटरमध्ये लिहू शकतो. इथं स्कूटर उपयोगी पडते. स्कूटर साधारण सहा फूट लांब असते. ती वाटेवर आडवी लावली तर वाट अर्ध्याहून जास्त अडेल असं फोटोवरून दिसतं, म्हणजे 10 हे फूटच. मीटर असते तर वाट तेहतीस फूट रुंद झाली असती, आणि तेवढी रुंद वाट खेड्यातल्या घराला कोण ठेवतो? खरी अडचण येते ती "30 × 3" असं लिहून आलं की. ते मीटर असतील तर वाट जवळजवळ 98 × 10 फूट होते आणि फूट असतील तर नुसती पायवाट. अशा वेळी अंदाज बांधत बसू नका, फोन करून विचारा.

दुसरा प्रश्न: बाण कुठून कुठपर्यंत? लांबीचा बाण डांबरी रस्त्याच्या कडेपासून सुरू होतो की गेटपासून? मधे गटार असेल, त्यावर पाइप टाकलेला असेल, तर ते चार-पाच फूट कोण भरणार? आणि वरचं टोक पोर्चच्या पायरीला टेकतं की काजूच्या सावलीत कुठेतरी संपतं? फोटोत सावलीच्या आत काय आहे ते दिसत नाही, म्हणून "बाणाच्या दोन्ही टोकांना जमिनीवर काय आहे?" एवढं विचारून घ्यायचं. आमच्या उदाहरणात बाण रस्त्याच्या कडेपासून पोर्चच्या पायरीपर्यंत होता, आणि गटार नव्हतं.

तिसरं, लांबीचा पडताळा. फोटोत लांबचं लहान दिसतं, त्यामुळे पट्टी लावून मोजायला जाऊ नका. जवळचे दहा फूट आणि शेवटचे दहा फूट स्क्रीनवर कधीच सारखे दिसत नाहीत. पण मोजता येण्यासारखी वस्तू सारख्या अंतरावर असेल तर लांबचं-जवळचं काही आड येत नाही. कुंपणाचे खांब मोजा. या फोटोत गेटापासून पोर्चपर्यंत खांबांमधली अकरा अंतरं भरली. भावाला एका अंतराला टेप लावायला सांगितला तर ते आठ फूट निघालं. अकरा गुणिले आठ म्हणजे 88, आणि शेवटचा खांब पायरीच्या थोडा अलीकडे आहे. म्हणजे 90 बरोबर. खांब नसतील तर कंपाउंडच्या भिंतीचे पिलर मोजा, नारळाची ओळ असेल तर ती, फक्त एका अंतराला टेप लावून घ्यायचा.

रुंदीसाठी आणखी एक युक्ती आहे. फोटो काढणारा माणूस रुंदी जिथं उभा असतो तिथंच मोजतो, म्हणजे गेटाजवळ. मधे वाट निमुळती झाली असेल तर फोटोत कळत नाही, कारण लांबची वाट निमुळती दिसणारच. फोनमध्ये फोटो उघडा, त्यावर रेघा ओढायची सोय असते. वाटेच्या चारही कोपऱ्यांना तिरक्या दोन रेघांनी जोडा. त्या जिथं एकमेकींना छेदतात तो वाटेचा खरा मध्य, 45 फुटांचा. फोटोत तो तुम्हाला वाटलं होतं त्याच्या बराच वर, घराच्या बाजूला येतो. वाट सरळ आणि सपाट असेल तरच हे जमतं, वळणाच्या वाटेला नाही. मग भावाला सांगायचं, "काजूच्या झाडाजवळ उभा राहा आणि तिथली रुंदी मोज." इथं ती दहाच फूट भरली. पण एका कामात गेटाजवळ बारा आणि मधे नऊ निघाली होती. तशा वेळी दोन तुकडे करून हिशेब करायचा.

वाट चढाची असेल तर नवशिक्यांना फार काळजी वाटते. टेप जमिनीवर ठेवून, चढावरूनच मोजला असेल तर काही बदलायचं नाही. खडी जमिनीवर पसरायची आहे, आणि जमिनीवरचंच माप हवं.

बाणांच्या बाहेरचं क्षेत्रफळ

90 × 10 म्हणजे 900 चौरस फूट. नवशिका इथंच थांबतो, पण गाडी सरळ आयतावर चालत नाही. रस्त्यावरून आत वळताना मागचं चाक आतल्या बाजूनं कापतं, म्हणून तोंडाशी वाट रुंद लागते. शेवटी घरासमोर गाडी लावायला आणि फिरवायला जागा लागते. फोटोत या दोन्ही जागा दिसतात, पण बाणांत नसतात.

तोंडाशी रस्त्याकडच्या आठ फुटांत वाट दहावरून सोळा फुटांपर्यंत पसरवायची ठरलं. दोन्ही बाजूंना तीन फूट आणि आठ फूट असे दोन त्रिकोण झाले, प्रत्येकी 12 चौरस फूट, मिळून 24. घरासमोर शेवटच्या 18 फुटांत वाट वीस फूट रुंद करायची. त्यातली दहा फूट रुंदी आधीच 900 मध्ये धरलेली आहे, म्हणून नुसते वरचे दहा घ्यायचे: 10 × 18 म्हणजे 180. हीच जागा दोनदा मोजायची चूक फार होते. एकूण 900 + 24 + 180 = 1104 चौरस फूट.

जाडी: फोटोवर नसलेला आकडा

सीमाभागात जमीन एकसारखी नाही. पश्चिमेला खानापूरकडे लाल, जांभ्याची माती आहे. तिच्याखाली बहुतेक ठिकाणी फूट-दीड फुटावर घट्ट थर लागतो. पूर्वेला आणि उत्तरेला गोकाक, अथणी, चिकोडीकडे काळ्या मातीचे पट्टे आहेत. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगून लोण्यासारखी मऊ होते. त्याच मापाच्या दोन वाटा, एक खानापुरात आणि एक अथणीत, यांना लागणाऱ्या मालात दीडपट-दुप्पट फरक पडू शकतो. फोटोवरून नुसता मातीचा रंग कळतो, खोली कळत नाही.

म्हणून फोटो पाठवणाऱ्याकडून आणखी दोन गोष्टी मागवायच्या. वाटेच्या मध्याजवळ पहारीनं एक फूट खोल खड्डा काढून त्यात टेप उभा धरून फोटो. आणि मागच्या पावसाळ्यातला एखादा फोटो मिळाला तर तो. पावसात चाकोऱ्या किती खोल पडल्या हे पाहिलं की अंदाज घ्यायला फारसं उरत नाही. या घराच्या खड्ड्यात वरची तीन इंच माती सुटी होती, तिच्याखाली पहार टणकन वाजली. म्हणजे सुटी माती काढून टाकायची आणि त्यावर खालचा थर चार इंच, वरचा दोन इंच असं पुरेल. काळी माती असती तर खालचा थर मी आठ इंचांच्या खाली सांगितला नसता, आणि ती माती आणखी खोल उकरून काढायला लावली असती.

खालचा थर म्हणजे क्रशरवर मिळणारं जीएसबी, त्यात मोठ्या खडीपासून भुकटीपर्यंत सगळं मिसळलेलं असतं. दाबलं की फटी भरून ते घट्ट बसतं. वरचा थर 20 एमएमची धुतलेली किंवा चाळलेली खडी. नुसती 20 एमएम खडी थेट मातीवर टाकायचा मोह होतो, कारण दिसायला छान आणि काम एका दिवसात. पहिल्या पावसात तीच खडी मातीत रुतते आणि दिवाळीपर्यंत वाटेवर निम्मीच दिसते. मुरूम स्वस्त पडतो, पण खानापूरच्या पावसात मातकट मुरमाचा चिखल होतो. खालच्या थरासाठी तो वापरायचाच असेल तर दगडाळ असावा, हातात चोळल्यावर बोटं लाल करणारा नको. ड्रायव्हर कन्नड असेल तर तो खडीला जल्ली म्हणेल आणि मुरमाला गरसू. कुठली जल्ली, किती एमएमची, हे ढीग बघूनच नक्की करा.

घनफूट ते ब्रास

आपल्याकडचं माप ब्रास. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, म्हणजे 100 चौरस फुटांवर एक फूट जाड थर. यातूनच तोंडी हिशेब निघतो: चार इंच जाडीला एक ब्रास 300 चौरस फूट पुरतो, दोन इंचाला 600. इंचाला फुटानं गुणून भलताच आकडा काढण्यापेक्षा हा मार्ग सुरक्षित आहे.

खालचा थर: 1104 भागिले 300 म्हणजे 3.68 ब्रास. पण ही दाबल्यानंतरची जाडी. टिपरमधून पडलेला माल मोकळा असतो, रोलर फिरला की खाली बसतो. जीएसबीला मी 1.3 नं गुणतो, म्हणजे दाबून चार इंच हवे असतील तर पसरताना सव्वापाच इंचाच्या आसपास पसरायचं. 3.68 गुणिले 1.3 म्हणजे 4.78 ब्रास.

वरची खडी: 1104 भागिले 600 म्हणजे 1.84 ब्रास. एकाच आकाराची खडी फारशी दबत नाही, पण थोडी खालच्या थरात शिरते आणि थोडी कडेनं ओघळते, म्हणून पंधरा टक्के जास्त. 2.1 ब्रास.

फोटोत आणखी एक गोष्ट होती, गेटाकडच्या तीसेक फुटांत दोन चाकोऱ्या. सुटी माती काढल्यावर त्यांची सरासरी खोली दोन इंच आणि रुंदी दीड फूट धरली: 2 × 30 × 1.5 × 2/12 म्हणजे 15 घनफूट, मोकळ्या मालाचे 20. म्हणजे 0.2 ब्रास. थोडंच आहे, पण लांब आणि खोल चाकोऱ्या असतील तर हाच आकडा पाऊण ब्रासपर्यंत जातो आणि मग रात्री ड्रायव्हरला फोन करायची पाळी येते. खालच्या थराचा एकूण आकडा झाला 4.98 ब्रास.

इथं उंचवट्याबद्दल एक सांगतो. पाणी कडेला जावं म्हणून वाट मध्ये दीड-दोन इंच उंच ठेवतात. तो उंचवटा खडीचा केलात तर दहा फूट रुंदीवर सरासरी एक इंच जाडी वाढते, म्हणजे 900 चौरस फुटांवर दाबलेला पाऊण ब्रास माल जातो. तोच आकार आधी मातीला दिला, माती मध्ये उंच आणि कडेला उतरती करून घेतली, तर खडीचे थर सगळीकडे सारखे बसतात आणि जास्त माल लागत नाही. जेसीबीवाला चांगला असेल तर सुटी माती काढतानाच हे करून देतो.

टिपरमध्ये खरंच किती माल असतो

"तीन ब्रास हाय की साहेब, फुल्ल गाडी," असं ड्रायव्हर म्हणतो. त्यावर भांडायचं नाही, टेप काढायचा. हौद्याची आतून लांबी, आतून रुंदी आणि माल किती उंच भरलाय ते मोजायचं. इथं हौदा आतून बारा फूट लांब आणि सात फूट रुंद होता, फळ्या तीन फूट उंच. फळ्यांच्या उंचीवरून 252 घनफूट, म्हणजे अडीच ब्रास. पण माल फळीला टेकला नव्हता, चार कोपऱ्यांत आणि मध्ये काठी उभी खुपसून मोजला तर सरासरी अडीच फूट उंच होता. 12 × 7 × 2.5 म्हणजे 210 घनफूट, 2.1 ब्रास. सांगितलेले तीन आणि मिळालेले 2.1, यातला फरक प्रत्येक टिपरला जवळजवळ एक ब्रासचा. मध्ये ढीग असेल आणि कोपरे रिकामे असतील तर ढीग आधी फावड्यानं सपाट करून घ्या, मग मोजा. मोजणं उतरवण्याआधीच होतं, जमिनीवरच्या ढिगावरून कोणी नक्की आकडा सांगू शकत नाही.

क्रशरवर भरताना आणि तुमच्या दारात, माल सारखा उंच राहत नाही. खड्ड्याखड्ड्यांतून येताना तो हलून बसतो. त्यामुळे ब्रास कुठं मोजायचा, क्रशरवर की दारात, हे दर ठरवतानाच बोलून घ्यायचं. मी दारात मोजतो, आणि तसं आधी सांगतो.

ट्रॅक्टरची ट्रॉली लोक सरसकट एक ब्रास धरतात. ती काठोकाठ भरली तरच तेवढी होते. नेहमी भरतात तशी ती 80 ते 85 घनफूट निघते. आमच्याकडची 85 भरली.

आता जुळवणी. खालच्या थराला 4.98 ब्रास. दोन टिपर म्हणजे 4.2, एक ट्रॉली 0.85, मिळून 5.05. वरच्या थराला एक टिपर, 2.1. म्हणजे पुण्याला पाठवायचं उत्तर: जीएसबीचे दोन टिपर आणि एक ट्रॉली, 20 एमएमचा एक टिपर. तीन ब्रासचा टिपर आहे असं मानून हिशेब केला असता तर तीन टिपर मागवून काम अर्धवट थांबलं असतं.

सगळं एकदम मागवू नका. ट्रॉली शेवटी सांगायची, दोन टिपर पसरून दाबून झाल्यावर, कारण तोवर तुमचा हिशेब किती बरोबर होता ते कळलेलं असतं.

काट्यावरचं वजन

बऱ्याच क्रशरवर पावती टनांत मिळते. 20 एमएमच्या काळ्या दगडाच्या खडीचा एक ब्रास साधारण सव्वाचार टनांच्या आसपास जातो. पण दगडाप्रमाणे, खडीच्या आकाराप्रमाणे हा आकडा बदलतो, म्हणून घरीच काढून बघा. एका रिकाम्या पेंटच्या बादलीत लिटरच्या बाटलीनं मोजून दहा लिटर पाणी ओता, त्या पातळीवर खूण करा, पाणी काढून बादली पुसा आणि खुणेपर्यंत खडी भरा. बादलीचं वजन वजा करून खडी 14.7 किलो भरली, तर एका लिटरला 1.47 किलो. एका ब्रासमध्ये 2832 लिटर असतात, म्हणून ब्रासचं वजन 4.16 टन. आमच्या 2.1 ब्रासच्या टिपरची पावती 8.7 टनांच्या आसपास यायला हवी. दहा टन दिसले तर एकतर माल जास्त आला, नाहीतर ओला आला.

ओल्या मालाचं खरंच लक्ष ठेवा. खडीपेक्षा भुकटीवाला जीएसबी पाणी धरून ठेवतो. पाऊस पडून गेल्यावर उचललेल्या टिपरमध्ये तुम्ही शंभरात सात-आठ किलो पाण्याचे पैसे सहज देता. ओल्या दिवसांत टनावर नाही, ब्रासवर घ्या.

निपाणीकडे राहणारे कधी कागलच्या बाजूनं माल आणायचा विचार करतात, तिकडे दर कमी असेल तर. दोन राज्यांची गौण खनिज वाहतुकीची कागदपत्रं वेगळी आहेत. गाडीबरोबर परमिट आहे का, आणि ते सीमा ओलांडून चालतं का, हे ड्रायव्हरला निघण्याआधी विचारा. गाडी अडली तर दिवसभर तिची वाट बघावी लागते, आणि रोलरचं भाडं चालूच राहतं.

पसरताना हिशेब तपासायचा

फोटोवरून काढलेला अंदाज जमिनीवर बरोबर ठरतो की नाही, ते पहिल्याच टिपरला कळतं. मोकळा थर सव्वापाच इंच आणि रुंदी दहा फूट, म्हणजे वाटेच्या एका फुटाला जवळजवळ 4.33 घनफूट माल लागतो. गेटाकडून सुरुवात करा, म्हणजे पुढचे टिपर नव्या थरावरून जातील, मातीत रुतणार नाहीत. पहिल्या टिपरमधले 20 घनफूट चाकोऱ्यांत आणि 10 तोंडाच्या रुंदीत जातात. उरले 180, ते 41 फुटांपर्यंत पुरायला हवेत. म्हणून 41 फुटांवर कडेला चुना टाकून खूण करून ठेवा.

पहिला टिपर पसरून झाला आणि माल खुणेच्या सहा-सात फूट अलीकडेच संपला, तर दोनच कारणं असतात. माल कमी आला किंवा थर जाड पडला. दांडी खुपसून मोकळा थर तीन ठिकाणी मोजा. सव्वापाच इंचच असेल तर टिपर कमी भरला होता, आणि दुसरा टिपर उतरवण्याआधी मोजून घ्यायचा. सहा इंचांच्या वर निघाला तर जेसीबीवाल्याला सांगून मागे ओढायला लावा. दुसरा टिपर 72 फुटांपर्यंत जाऊन घरासमोरच्या चौकातही थोडा पोचतो, ट्रॉली उरलेला चौक भरते. तिची पाच-सात घनफूट उरतील, एवढाच मोकळा माल या हिशेबात आहे. तुम्हाला जास्त सुरक्षित हवं असेल तर ट्रॉली काठोकाठ भरून मागा.

थर पसरल्यावर पाणी मारून रोलर फिरवायचा. रोलर मिळाला नाही तर भरलेली ट्रॉली पुढे-मागे नेऊन काही काम होतं, पण कडांना ती दाबत नाही. दाबून झाल्यावर परत तीन ठिकाणी खड्डा काढून मोजा, चार इंच हवेत. साडेतीन निघाले तर पुढच्या पावसाळ्यात चाकोऱ्या तिथंच पडतील.

कडेला जांभ्याचे दगड आडवे रोवून ओळ केली तर खडी ओघळत नाही. आमच्या उदाहरणात त्यांच्या अंगणात जुन्या भिंतीचे जांभे पडूनच होते, फोटोच्या कोपऱ्यात दिसत होते. ही ओळ नसेल तर दोन वर्षांत वाट दोन्ही बाजूंना एकेक फूट पसरते आणि दोन इंचांची खडी पावणेदोन इंचांच्या खाली येते. मग लोक म्हणतात खडी उडाली, पण ती शेजारच्या गवतात असते.

वरचा टिपर कधी मागवायचा? मी खालचा थर एप्रिल-मेमध्ये घालून एक पावसाळा जाऊ देतो. ज्या ठिकाणी माती मऊ आहे ती जागा पावसात खाली बसते आणि दिसते, ती भरून घेऊन दसऱ्यानंतर 20 एमएम टाकायची. घाई असेल तर दोन्ही एकदम होतात, पण मग त्या बसलेल्या जागा शोधायला वरची खडी बाजूला सारावी लागते.

चढाबाबत एक मर्यादा आहे. आठ फुटांत एक फुटापेक्षा जास्त चढ असेल तर सुटी 20 एमएम खडी चाकाखालून सरकते, गाडी चढताना घसरते आणि खडी तळाशी जमा होते. फोटोत चढ कमीच दिसतो, म्हणून वर-खाली किती फूट फरक आहे ते पाण्याच्या नळीनं लेव्हल लावून विचारा. चढ जास्त निघाला तर त्या तुकड्यासाठी खडीचे टिपर काढू नका, तिथं काँक्रीटच्या दोन पट्ट्या टाका, हिशेब सिमेंटचा करा आणि खडीचे आकडे उरलेल्या लांबीला लावा.